दुधाच्या बिलाची रात्रीची बॅच टेस्ट केली, त्याचा अनुभव

आमच्या जळगाव-धुळ्याकडं बरीच पोरं-पोरी आता छोट्या सहकारी संस्थांची, जिनिंगची, केळीच्या गाड्यांची डेटाची कामं घेतायत, आणि सगळ्यांची अडचण तीच, बॅच लिहून होते पण ती बरोबर चालतेय हे सांगायचं कसं. मला मे 2025 च्या शेवटी एका दूध संघाचं काम मिळालं आणि ऑगस्टमध्ये त्यावर सही झाली. मधल्या काळात काय काय केलं ते तारखेनुसार लिहितेय, कुणाला उपयोगी पडेल.

काम असं होतं. गावोगावच्या संकलन केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ दूध येतं, काट्यावर वजन होतं, मशीनवर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, निघतं, केंद्राच्या कॉम्प्युटरवर त्या पाळीची एक सीएसव्ही फाइल बनते आणि ती संघाच्या सर्व्हरवर येते. रात्री एक वाजता बॅच चालते, सगळ्या फाइली वाचते आणि पोस्टग्रेसमधे टाकते. महिन्याच्या 1 ते 10, 11 ते 20 आणि 21 ते अखेर अशी तीन बिलं. जुनी स्क्रिप्ट कुणीतरी आधी लिहिलेली होती, ती बदलून नवी लिहायची होती, आणि संघाच्या हिशोब विभागाची अट एकच होती, की नवी बॅच कुणाचे पैसे खाणार नाही आणि कुणाला दोनदा देणार नाही हे आधी दाखवा.

जूनचा पहिला आठवडा नुसता कागदात गेला. खरा डेटा पाहिजे तर लेखी अर्ज, अर्जावर व्यवस्थापकांची सही, मग संचालकांच्या मासिक सभेत विषय, कारण फाइलीत सभासदांची नावं आणि बँक खाते नंबर असतात. मी अर्जातच लिहून दिलं होतं की नाव आणि खातं मला नकोच, फक्त केंद्र, तारीख, पाळी, सभासद क्रमांक, नमुना क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ एवढं द्या, आणि त्यानं काम सोपं झालं, हरकत कुणी घेतली नाही. तुम्हीही असंच करा, जे लागत नाही ते मागूच नका. टेस्टसाठी घरचाच जुना डेस्कटॉप वापरला, रॅम वाढवायला दोन हजारांच्या आत खर्च आला, आणि चोपड्याकडच्या केंद्रांवर जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं, बाकी खर्च नाही.

डेटा आल्यावर पहिलं काम म्हणजे उत्तरपत्रिका तयार करणं. तीन केंद्रं निवडली, त्यातलं एक सातपुड्याच्या पायथ्याचं, जिथं पावसाळ्यात नेटवर्क दोन-दोन दिवस नसतं. त्यांचं मे महिन्याचं एक पूर्ण बिल घेतलं आणि हिशोब विभागाच्या नानांसोबत बसून प्रत्येक सभासदाचं देणं कागदी रजिस्टरवरून परत काढलं. नाना तीस वर्षं हेच करतायत, त्यांचा आकडा म्हणजे आकडा. हे काम कंटाळवाणं आहे पण याच्याशिवाय पुढचं सगळं फुकट, कारण जुन्या स्क्रिप्टच्या आउटपुटशी नवं जुळवलं तर जुन्या चुका पण तशाच जुळतात. मग या स्वच्छ फाइलींच्या प्रती काढून त्या मुद्दाम बिघडवायच्या, कुठली ओळ दुबार केली, कुठली उशिरा पाठवली, कुठली तोडली याची नोंद ठेवायची, आणि बॅचनं शेवटी उत्तरपत्रिकेवरच यायला पाहिजे.

सुरुवात दुबार नोंदींपासून केली. दुबार येतात त्याचं कारण साधं आहे, नेट मधेच तुटतं, फाइल पोचली पण पोचल्याचा निरोप केंद्राला मिळाला नाही, मग सॉफ्टवेअर परत पाठवतं. वर सचिव पेनड्राइव्हवर तीच फाइल घेऊन तालुक्याला येतो. जुनी स्क्रिप्ट केंद्र, तारीख, पाळी आणि सभासद क्रमांक सारखा दिसला की दुसरी ओळ टाकून द्यायची. ऐकायला बरोबर वाटतं. मी केंद्रावर बसून बघितलं तर एक आबा दोन कॅन घेऊन आले, पहिला 6.5 लिटर, फॅट 3.8, दुसरा पण 6.5 लिटर, फॅट 3.8, एक गायीचं आणि एक म्हशीचं असंही नाही, दोन्ही गायीचंच. मी विचारलं हे दोनदा लिहिलं का, तर आबा म्हणाले, "दोन कॅन शेतस ना ताई, दुबार नही." लिटरला 34 रुपये धरले तरी त्या एका कॅनचे 221 रुपये होतात, आणि जुन्या हिशोबात ते उडाले असते, कागदावर मागं पडताळलं म्हणून नाना हातानं भरून द्यायचे. फरक फक्त नमुना क्रमांकात होता, एक 31, एक 32. म्हणजे ओळखीची किल्ली पाच गोष्टींची पाहिजे, केंद्र, तारीख, पाळी, सभासद आणि नमुना. पूर्ण ओळ सारखी आहे का हे बघूनही चालत नाही, आणि पूर्ण फाइल सारखी आहे का हे बघूनही नाही, कारण सचिव एक ओळ दुरुस्त करतो आणि अख्खी फाइल परत पाठवतो.

आता ती दुरुस्त ओळ. किल्ली तीच, पण फॅट 3.2 चं 3.8 झालं, कारण नमुना परत तपासला. कुठली धरायची? सगळ्यांचं पहिलं उत्तर असतं नंतर आलेली धरा, आणि स्वच्छ क्रमानं टेस्ट केली तर ते पास पण होतं. पण विचार करा, मूळ फाइल नेटनं गेलीच नाही, दुरुस्त फाइल दुसऱ्या दिवशी नेटनं पोचली, आणि मूळ फाइल पेनड्राइव्हवर सोमवारी आली. नंतर आलेली म्हणजे जुनी, फॅट परत 3.2. म्हणून पोचण्याची वेळ धरायची नाही, फाइल केंद्रावर बनली ती वेळ धरायची, ती पहिल्या हेडरच्या ओळीत असते. हेडर नसलेली फाइल सरळ बाजूला. शेवटी हे असं झालं:

```sql
ON CONFLICT (kendra, tarikh, pali, sabhasad, namuna)
DO UPDATE SET litre = EXCLUDED.litre, fat = EXCLUDED.fat,
              snf = EXCLUDED.snf, file_vel = EXCLUDED.file_vel
WHERE EXCLUDED.file_vel > dudh.file_vel;
```

यात दोन खड्डे आहेत, दोन्हीसाठी टेस्ट लिहूनच ठेवा. एक, एकाच फाइलीत तीच किल्ली दोनदा असली आणि दोन्ही ओळी एकाच इन्सर्टमधे गेल्या तर पोस्टग्रेस `ON CONFLICT DO UPDATE command cannot affect row a second time` म्हणून अख्खी कमांड नाकारतं, म्हणजे एका ओळीपायी पूर्ण केंद्र अडकतं. त्यामुळं टाकण्याआधी फाइलीतल्या फाइलीत गाळणी लागते, तंतोतंत सारख्या असतील तर एक ठेवायची, वेगळ्या असतील तर दोन्ही अडवायच्या. दुसरा खड्डा जास्त वाईट कारण तो बोलत नाही. जुन्या मशीनवर नमुना क्रमांक रिकामा येतो, म्हणजे नल, आणि युनिक इंडेक्स दोन नलांना वेगवेगळं समजतो, त्यामुळं दुबार अडतच नाही, तीच फाइल दहादा पाठवा दहादा पैसे. पोस्टग्रेस 15 पासून `NULLS NOT DISTINCT` लिहिता येतं, पण आमच्याकडं तेवढ्यानं भागत नव्हतं कारण मग दोन कॅनवाले आबा परत अडकतात. म्हणून अशा केंद्रांसाठी त्या सभासदाची त्या पाळीतली कितवी ओळ, तो नंबर नमुना म्हणून घेतला. मशीन ओळी खालीच वाढवत जातं, मधे घुसवत नाही, हे आधी केंद्रावर बघून घेतलं तेव्हाच हे करायची हिंमत केली.

जूनचा शेवटचा आठवडा उशिराच्या नोंदींवर गेला. इथं दोन तारखा वेगळ्या ठेवणं एवढीच खरी गोष्ट आहे, दूध घातलं ती तारीख आणि नोंद पोचली ती वेळ. दहा तारखेची संध्याकाळची पाळी रात्री बारानंतर पोचते, बॅच जर पोचल्याच्या तारखेनं बिल ठरवत असेल तर ते दूध पुढच्या बिलात जातं, आणि अकरापासून दर बदलला असेल तर चुकीच्या दरानं जातं. म्हणून टेस्ट अशी ठेवली की दर मुद्दाम अकराला बदलायचा आणि दहाची नोंद चौदाला पाठवायची. तिला दर दहाचाच लागला पाहिजे.

पण बिल एकदा बंद झालं, पैसे बँकेत गेले, की त्यात हात घालता येत नाही, ऑडिटला ते चालत नाही आणि बरोबरच आहे. नानांशी बरीच चर्चा झाली आणि नियम ठरला, बिल संपल्यावर दोन दिवस थांबायचं, तिसऱ्या दिवशी बिल बंद, त्यानंतर आलेलं पुढच्या बिलात "मागील फरक" म्हणून वेगळ्या ओळीत. फरक काढायची रीत अगदी सरळ, त्या दुधाचं आज माहीत असलेलं देणं वजा आतापर्यंत दिलेले पैसे. या एका वजाबाकीत उशिरा आलेली नोंद पण बसते आणि बिल बंद झाल्यावर आलेली दुरुस्ती पण बसते. वेगवेगळा कोड लिहायची गरज पडली नाही, हे मला फार आवडलं.

आणि इथंच सगळ्यात महत्त्वाची टेस्ट सापडली, उशिरा आलेली दुबार. समजा आठ जुलैची फाइल आधी आलीय, बिल बंद झालं, पैसे गेले, आणि चौदाला तीच फाइल परत आली. जुनी स्क्रिप्ट दुबार शोधायची ती फक्त चालू बिलाच्या टेबलात, वेग राहावा म्हणून. मागचं बिल दुसऱ्या टेबलात हलवलेलं. मग ही दुबार ओळ तिच्यासाठी नवीकोरी, उशिरा आलेली नोंद म्हणून फरकात गेली असती. दुबारची टेस्ट वेगळी पास, उशिराची वेगळी पास, दोन्ही एकत्र आल्या की पैसे दोनदा. तुमच्याकडं पार्टिशन असतील, जुना डेटा आर्काइव्हमधे हलवत असाल, तर हे नक्की करून बघा, बंद काळातली दुबार पाठवा आणि बघा काय होतं.

मोडक्या नोंदींना जुलैचा पहिला पंधरवडा लागला, तेव्हा पाऊस पण सुरू झालेला आणि खऱ्या फाइली पण तशाच मोडक्या येत होत्या. सगळे प्रकार लिहीत बसत नाही, जे चटकन दिसत नाहीत तेवढे सांगते.

पायथनचं `float` देवनागरी आकडे वाचतं, `float('४.२')` दिलं तर 4.2 मिळतं. पोस्टग्रेसला तोच मजकूर न्यूमरिक म्हणून दिला तर तो नाकारतो. एका केंद्राचा कीबोर्ड मराठीवर असायचा आणि हातानं भरलेल्या ओळी अशा यायच्या. तपासणी पायथनमधे पास आणि मूळ मजकूर पुढं डेटाबेसमधे गेला की फुटायचा. उपाय एवढाच की तपासलेली किंमत पुढं द्यायची, मूळ मजकूर वेगळ्या कॉलममधे जपून ठेवायचा.

`NaN` त्याहून त्रासदायक. मोबाइल ॲपवरून येणाऱ्या फाइलीत फॅट मोजलं गेलं नाही तर तिथं `NaN` छापून यायचं. `float` ते आनंदानं घेतं. मग `if fat < 2 or fat > 12` अशी अट लिहिली असेल तर दोन्ही तुलना खोट्या निघतात आणि नोंद चांगली म्हणून आत जाते. पोस्टग्रेसचं न्यूमरिक पण `NaN` साठवतं, आणि बेरजेत एक जरी आला की त्या केंद्राची पूर्ण बेरीज `NaN`. अट उलटी लिहा, `if not (2 <= fat <= 12)`, मग ते अडतं.

आता तारीख, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. एका केंद्राच्या कॉम्प्युटरला विंडोज परत टाकलेलं आणि तारखेची सेटिंग अमेरिकन राहिलेली, म्हणजे महिना आधी. पाच जुलैची फाइल 07/05/2025 अशी येते. आपण दिवस आधी धरून वाचतो तर ती सात मे. चूक म्हणून दिसतच नाही, दोन महिने उशिरा आलेली नोंद म्हणून दिसते, आणि उशिरा आलेल्या नोंदीसाठी आपण सुंदर रस्ता बनवून ठेवलेला असतो, ती सरळ "मागील फरक" मधे जाते आणि वर मेचा दर लागतो. आठ, नऊ, दहा जुलै पुढच्या महिन्यांत जातात, ते भविष्यातली तारीख म्हणून अडतात. तेरापासून पुढं वाचताच येत नाही. सात जुलै तर बरोबरच वाचली जाते. म्हणजे एकाच बिघाडाचे चार चेहरे.

मग किती उशीर मान्य करायचा हे यावरूनच ठरवलं. दिवस-महिना अदलाबदल झाली आणि तारीख मागं गेली तर ती कमीत कमी किती मागं जाते हे कागदावर काढलं. सगळ्यात जवळची जोडी 2 मार्चची, ती 3 फेब्रुवारी होते, 27 दिवस. सहा जुलैची सात जून होते, 29 दिवस. म्हणजे 27 पेक्षा कमी मर्यादा ठेवली तर अशी मागं गेलेली तारीख कधीच आपोआप आत येऊ शकत नाही. आम्ही 20 दिवस ठेवली, खरा उशीर त्याच्यापुढं जात नव्हता. त्यापुढचं माणसानं बघून सोडायचं. ही मर्यादा डोळे झाकून 30 किंवा 60 ठेवू नका.

एक गोष्ट मात्र नुसत्या फाइलीवरून पकडता येत नाही. फाइल मधेच तुटली, शेवटची ओळ अर्धी आली, आणि शेवटचा कॉलम लिटरचा असला तर 12.5 चं 12 होतं किंवा 1 होतं, आणि दोन्ही चांगले आकडे आहेत. कॉलम कमी असते तर कळलं असतं, अर्थात तिथंही पांडास कमी कॉलमची ओळ तक्रार न करता रिकाम्या जागा भरून वाचतं, त्यामुळं कॉलम स्वतः मोजा. आम्ही असं केलं की फाइल नवीन ओळीच्या खुणेनं संपत नसेल तर शेवटची ओळ अडवायची. पण तुटण्याची जागा बरोबर ओळ संपताना आली तर ते पण कळत नाही, काही ओळी आल्याच नाहीत एवढंच. त्यासाठी पाळीचं एकूण लिटर वेगळ्या वाटेनं पाहिजे. केंद्राचा सचिव पाळी संपली की एकूण लिटर मेसेजनं कळवतो, तो आकडा बॅचला दिला आणि अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त फरक असला तर केंद्र लाल.

जुलैच्या मध्यावर सगळं एकत्र चालवलं. बिघडवलेल्या फाइली घेतल्या, क्रम पिसला, काही परत पाठवल्या, मधे कुठंही बिल बंद केलं, आणि शेवटी बघितलं:

```python
for bee in range(300):
    r = random.Random(bee)
    kram = files + r.sample(files, 5)
    r.shuffle(kram)
    kora_db()
    chalav(kram, bil_band=r.randrange(len(kram)))
    assert ekun_dene() == uttar
```

इथं काय जुळवायचं हे नीट ठरवा. एकेका बिलाची रक्कम क्रमानुसार बदलणारच, कारण उशिरा आलेलं पुढं जातं. जुळायला पाहिजे ती सभासदाची सगळ्या बिलांची मिळून बेरीज, फरकासकट. आणि दुसरी बेरीज ओळींची, आलेल्या ओळी म्हणजे घेतलेल्या अधिक दुबार अधिक अडवलेल्या. एक ओळ जरी या तिन्हीपैकी कशातच सापडली नाही तर बॅच थांबते. `bee` चा नंबर छापून ठेवा, टेस्ट फेल झाली की तोच क्रम परत मिळतो. पेनड्राइव्हवाला प्रकार, फॅट परत 3.2 होणारा, या पिसण्यातच सापडला होता.

मग समांतर चालवणं. संघाची अट होती सलग तीन बिलं, जुनं आणि नवं दोन्ही चालणार, पैसे जुन्यानं जाणार, फरकाच्या प्रत्येक ओळीला लेखी कारण. 11 जुलै ते 10 ऑगस्ट या काळातल्या तीन बिलांवर ते चाललं. फरक आले, त्यातले बरेच पैशांच्या गोळाबेरजेचे, जुनी स्क्रिप्ट प्रत्येक ओळीला राउंड करायची आणि आम्ही शेवटी, ते नानांच्या सांगण्यावरून ओळीलाच ठेवलं कारण सभासदाच्या पावतीवर तीच रक्कम छापलेली असते. बाकीचे दोन कॅनवाले, आणि एक उशिरा आलेली दुबार, खरीखुरी, ती नव्या बॅचनं अडवली आणि जुनीनं पैसे दिले. तो कागद मी सहीच्या फाइलीत सगळ्यात वर लावला.

सही ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात झाली, 21 ऑगस्टपासूनचं बिल नव्या बॅचवर. अडवलेल्या ओळींची यादी आता रोज सकाळी नानांच्या टेबलावर प्रिंट होऊन जाते, केंद्राचं नाव, मूळ ओळ जशीच्या तशी, आणि शेजारी साध्या मराठीत कारण. यादीत पान भरून ओळी आल्या तर कुणी वाचत नाही, म्हणून एकाच कारणाच्या एका केंद्राच्या ओळी एकत्र केल्या, "तारखेची सेटिंग उलटी, 46 ओळी" असं दिसलं की नाना सरळ सचिवाला फोन लावतात. केंद्रानं सेटिंग दुरुस्त करून फाइल परत पाठवली की अडवलेल्या ओळी आपोआप निकाली निघतात, आणि हे पण टेस्टमधे आहे, अडवलेली ओळ दुरुस्त होऊन आल्यावर यादीतून गेलीच पाहिजे.